बिलातले एकसष्ट रुपये

महिन्याचा किराणा भरून घरी आल्यावर बिल जादा लागल्याचे लक्षात आले, की रागाच्या भरात लिहिलेले पत्र साधारण असे असते : 'आपल्या दुकानात ग्राहकांची सर्रास लूट चालू आहे. काउंटरवरच्या मुलांचे कामात लक्ष नसते. मागेही असेच झाले होते. याची त्वरित दखल घ्यावी, अन्यथा आम्हाला ग्राहक न्यायालयात जावे लागेल.' राग खरा असतो, तक्रारही खरी असते. पण हे पत्र दुकानाच्या व्यवस्थापकासमोर येते तेव्हा त्याला त्यातून करण्याजोगे काहीच हाती लागत नाही. बिल कोणते, वस्तू कोणती, किती लागायला हवे होते आणि किती लागले, यांतले काहीच त्यात नाही. तो 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' असे दोन ओळींत कळवून मोकळा होतो. चुकीची किंमत मात्र बिलिंगच्या कॉम्प्युटरमध्ये तशीच राहते आणि पुढच्या ग्राहकालाही लागते.

अशा पत्राकडून खरे तर दोन कामे करून घ्यायची असतात. एक म्हणजे आपले जादा गेलेले पैसे परत मिळवणे, आणि दुसरे म्हणजे चूक मुळात दुरुस्त करायला लावणे. पहिले काम व्यवस्थापक पाच मिनिटांत करू शकतो. दुसरे पुष्कळदा त्याच्या हातातही नसते, ते मुख्य कार्यालयातल्या कोणाकडे तरी असते. दोन्ही व्हायची असतील तर पत्र लिहायला बसण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते : चूक नेमकी कुठे झाली? पाकिटावर छापलेल्या किमतीत, रॅकवर लावलेल्या किमतीत, की वस्तूंच्या मोजणीत? या तिन्हींची कारणे वेगळी, पुरावे वेगळे आणि कायद्यातली जागाही वेगळी.

बारकोडात किंमत नसते

काउंटरवर पाकीट फिरवले, 'टिक्' आवाज आला आणि पडद्यावर किंमत उमटली, म्हणजे ती किंमत पाकिटावरच्या काळ्या रेघांतून आली, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसे नसते. त्या रेघांमध्ये फक्त एक तेरा आकडी क्रमांक असतो. भारतात नोंदवलेल्या बारकोडांचा क्रमांक ८९० ने सुरू होतो. हा क्रमांक वाचला की कॉम्प्युटर दुकानाच्या स्वतःच्या यादीत जातो आणि तिथे त्या क्रमांकासमोर जी किंमत भरलेली असेल ती उचलतो. या यादीला दुकानातली माणसे 'आयटम मास्टर' म्हणतात. यादीत १६५ लिहिले असेल तर रॅकवर काहीही लिहिलेले असो, बिलात १६५ च येणार. साखळी दुकानांत ही यादी बहुधा मुख्य कार्यालयात बदलली जाते आणि तिथून शाखांना पाठवली जाते. रॅकवरच्या पट्ट्या मात्र शाखेतल्या माणसांनी हाताने बदलायच्या असतात. यादी बदलली पण पट्टी राहिली, किंवा पट्टी लागली पण यादीत ऑफर चढवलीच नाही, की रॅक एक सांगतो आणि बिल दुसरेच.

यात आणखी एक खास आपल्याकडचा घोटाळा आहे. कंपनी मालाची छापील किंमत वाढवते किंवा कमी करते तेव्हा बारकोड बऱ्याचदा तोच ठेवते. त्यामुळे २६० रुपये छापलेले जुने पाकीट आणि २७५ रुपये छापलेले नवे पाकीट यांचा क्रमांक एकच असतो. कॉम्प्युटरला दोघांतला फरक कळत नाही. चांगल्या बिलिंग प्रणालीत अशा वेळी पडद्यावर एक छोटी चौकट उघडते : २६० की २७५? कॅशियरने पाकिटावरची छापील किंमत बघून योग्य ओळ निवडायची असते. रविवारी संध्याकाळी रांगेत पंधरा माणसे उभी असतात तेव्हा पाकीट कोणी उलटे करून पाहत नाही. वरची ओळ आधीच निवडलेली असते, बोट एंटरवर पडते आणि जुन्या पाकिटाला नवी किंमत लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, बिस्किटे, तूप अशा अनेक वस्तूंवरचा जीएसटी कमी झाला. अशा बदलाच्या काळात एकाच बारकोडची, पण वेगवेगळ्या छापील किमतींची पाकिटे रॅकवर शेजारी शेजारी येतात. हा घोटाळा होण्याची शक्यता तेव्हा सर्वांत जास्त असते.

हे समजले की पत्रातली भाषा आपोआप बदलते. काउंटरवरच्या मुलीने 'लुबाडले' असे लिहिण्यात अर्थ राहत नाही, कारण चुकीची ऑफर यादीत तिने भरलेली नसते. पण 'चूक सिस्टीमची आहे' या उत्तरावर गप्प बसायचेही कारण राहत नाही, कारण ती सिस्टीम दुकानाचीच आहे.

बिल वाचायचे कसे

उदाहरणादाखल एक बिल घेऊ. एकूण रक्कम १,८४७ रुपये. खाली लिहिले आहे : वस्तू १४, नग १७. पिशवी रिकामी करून मोजले तर नग १६ च भरतात. इथेच पहिला धागा सापडतो. नगांचा हा आकडा बहुतेक बिलांवर अगदी तळाला छापलेला असतो आणि जवळजवळ कोणीच तो पाहत नाही. पण एक वस्तू दोनदा स्कॅन झाली आहे का, हे ओळखायचा इतका सोपा मार्ग दुसरा नाही. वजनावर घेतलेल्या वस्तूंचे नग काही दुकाने वेगळ्या पद्धतीने धरतात, तेवढे ध्यानात ठेवावे. आपल्या उदाहरणात सगळी पाकिटेच आहेत. शोधल्यावर दिसते की अंगाचा साबण दोन नग घेतला होता आणि बिलात तीन लागला आहे. एका साबणाचा दर ३० रुपये, म्हणजे ३० रुपये जादा.

आता एकेक ओळ पाकिटाशी ताडून पाहायची. बिलाच्या प्रत्येक ओळीत साधारणपणे वस्तूचे अर्धवट तुटलेले नाव, नग, एमआरपी, दर आणि रक्कम असे रकाने असतात. नजर आधी एमआरपीच्या रकान्यावर ठेवावी, दरावर नंतर. चहा पावडरीच्या ओळीत एमआरपी २७५ आणि दरही २७५ आहे. घरातल्या पाकिटावर मात्र 'रु. २६०, सर्व करांसहित' असे छापले आहे. म्हणजे या पाकिटाला दुसऱ्या पाकिटाची किंमत लागली. जादा १५ रुपये. ही तिन्हींतली सर्वांत स्पष्ट चूक आहे. वेष्टित वस्तूंबाबतचे २०११ चे वैधमापन नियम सांगतात, की पाकिटावर छापलेल्या किरकोळ किमतीपेक्षा जास्त दराने कोणत्याही दुकानदाराने वस्तू विकायची नाही. 'आता नवीन रेट २७५ आहे' हे उत्तर इथे चालत नाही. हातात असलेल्या पाकिटावर जे छापले आहे तीच त्या पाकिटाची कमाल किंमत. जीएसटीही त्यातच धरलेला असतो. बिलाच्या तळाशी कराची जी फोड दिलेली असते ती किमतीच्या आतलीच असते, वरून लावलेली नव्हे.

तिसरी ओळ तूरडाळीची. एक किलोच्या पाकिटावर छापील किंमत १८५, बिलात दर १६५. वरवर पाहता वीस रुपये कमीच लागले. पण रॅकवर पट्टी होती १४९ रुपयांची. सोळा रुपये जादा गेले, मात्र छापील किमतीच्या मर्यादेतच. इथे बरेच ग्राहक माघार घेतात आणि व्यवस्थापकही 'एमआरपीच्या आतच लावलंय ना' असे म्हणून विषय संपवतो. हे उत्तर अपुरे आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जादा किमतीच्या तक्रारीची व्याख्या करताना पाकिटावरच्या किमतीबरोबरच दुकानात लावलेल्या दरपत्रकावरची किंमत आणि दोघांत ठरलेली किंमतही धरलेली आहे. १४९ ची पट्टी पाहूनच ग्राहकाने डाळ पिशवीत टाकली. तेव्हा ही तक्रारही खरीच. फक्त ती वैधमापन नियमांखाली बसत नाही, ग्राहक कायद्याखाली बसते. पत्रात चहा आणि डाळ यांना एकाच वाक्यात 'एमआरपीपेक्षा जास्त घेतले' असे म्हटले, तर व्यवस्थापक डाळीच्या मुद्द्यावर तुम्हाला चूक ठरवील आणि चहाचा मुद्दाही त्याबरोबर वाहून जाईल.

एकूण हिशेब असा : साबण ३०, चहा १५, डाळ १६, मिळून ६१ रुपये. बिल १,८४७ ऐवजी १,७८६ व्हायला हवे होते.

तळाशी ठळक अक्षरांत छापलेली 'आज तुमची बचत' ही ओळही एकदा पाहून घ्यावी. ती यादीतला एमआरपी वजा लावलेला दर अशी काढलेली असते. आपल्या बिलात साबणाचा एमआरपी ३५ आणि दर ३०, म्हणून तीन नगांची बचत १५ रुपये दाखवली आहे. त्यातले पाच रुपये घरी न आलेल्या साबणावर 'वाचवले' आहेत. डाळीवरही वीस रुपयांची बचत दिसते आणि सोळा रुपयांचे नुकसान दिसत नाही. ही ओळ बिल बरोबर असल्याचा पुरावा नव्हे.

पुरावे टिकतात किती

बिलाचा कागद थर्मल असतो. त्यावर शाई नसते, उष्णतेने अक्षरे उमटतात, आणि उष्णतेनेच कागद काळवंडतो किंवा अक्षरे विरतात. पाकिटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेले बिल काही आठवड्यांत पांढरे पडू शकते. म्हणून घरी आल्याबरोबर त्याचा फोटो काढावा. फोटोत दुकानाचा जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, काउंटर क्रमांक, कॅशियरचा क्रमांक, तारीख आणि वेळ ही सगळी माहिती यायला हवी. चहाचे पाकीट फोडले तरी छापील किंमत, उत्पादनाचा महिना आणि बॅच क्रमांक असलेला भाग कापून जपून ठेवावा. तो भाग कचऱ्यात गेला की २६० चा पुरावाच गेला.

रॅकवरच्या पट्टीचा पुरावा सर्वांत कच्चा असतो, कारण ती घरी आणता येत नाही आणि तक्रार पोहोचेपर्यंत बदललेलीही असू शकते. शक्य असेल तर दुसऱ्याच दिवशी जाऊन पट्टी अजून तशीच आहे का ते पाहावे आणि वस्तू व पट्टी एकाच चौकटीत येतील असा फोटो घ्यावा. पट्टीवरचा बारीक मजकूरही वाचावा. ऑफरची शेवटची तारीख, 'दोन घेतल्यास' अशी अट, किंवा पट्टी शेजारच्या दुसऱ्या वजनाच्या पाकिटाची असणे, यांतले काही निघाले तर तक्रारीतला तो मुद्दा काढून टाकलेला बरा. पत्रातला एक मुद्दा चुकीचा ठरला, की बाकीचे दोन बरोबर असूनही लंगडे पडतात.

पत्र

आता पत्र. शाळेत शिकलेला 'विषय' आणि 'संदर्भ' यांचा साचा इथे फार उपयोगी पडतो. संदर्भाच्या ओळीत बिलाची सगळी ओळख मावते आणि मजकूर मोकळा राहतो.

प्रति,
मा. व्यवस्थापक,
(दुकानाचे नाव व शाखेचा पत्ता)

दिनांक : १३ जानेवारी २०२६

विषय : बिलात झालेल्या जादा आकारणीची दुरुस्ती व रु. ६१ परत मिळणेबाबत.

संदर्भ : बिल क्र. ४४१७, दि. ११ जानेवारी २०२६, सायं. ७.४२, काउंटर क्र. ३, रक्कम रु. १,८४७, यूपीआयने अदा.

महोदय,

वरील बिलातील तीन नोंदींमध्ये माझ्याकडून जादा रक्कम घेतली गेली आहे. तपशील असा :

१) चहा पावडर, ५०० ग्रॅम, १ नग. पाकिटावरील छापील किंमत रु. २६०, बिलात रु. २७५. छापील किमतीपेक्षा जादा रु. १५.

२) तूरडाळ, १ किलो, १ नग. रॅकवरील पट्टीनुसार किंमत रु. १४९, बिलात रु. १६५. प्रदर्शित किमतीपेक्षा जादा रु. १६. दि. १२ रोजी सकाळीही पट्टी तशीच होती. फोटो सोबत जोडला आहे.

३) अंगाचा साबण. घेतलेले नग २, बिलात नग ३, दर रु. ३०. न घेतलेल्या एका नगाचे रु. ३०.

एकूण जादा आकारणी रु. ६१.

कृपया पुढीलप्रमाणे कार्यवाही व्हावी :

अ) रु. ६१ ज्या खात्यातून अदा झाले त्याच खात्यात परत करावेत आणि मूळ बिलाचा क्रमांक असलेली क्रेडिट नोट द्यावी. कूपन किंवा पॉइंट्स नकोत.

आ) चहा पावडरीच्या दोन छापील किमतींची आणि तूरडाळीच्या दराची नोंद तपासून दुरुस्त करावी व दुरुस्तीची तारीख कळवावी. दराची नोंद मुख्य कार्यालयातून होत असल्यास हे पत्र तिकडे पाठवून तसे मला कळवावे.

इ) साबणाच्या नोंदीबाबत शंका असल्यास त्या दिवसाचा साठा आणि काउंटर क्र. ३ चे सायं. ७.३५ ते ७.५० या वेळेतील सीसीटीव्ही चित्रण पडताळावे. पडताळणी होईपर्यंत चित्रण राखून ठेवावे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
(नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक)

सोबत : बिलाची प्रत, चहाच्या पाकिटावरील छापील मजकुराचा फोटो, रॅकवरील पट्टीचा फोटो.

दुकानाच्या आत काय घडते

या पत्रातल्या तिन्ही मागण्या दुकानाच्या रोजच्या कामकाजाला धरून आहेत, आणि म्हणूनच त्या टाळायला अवघड जातात.

क्रेडिट नोट मागण्याचे कारण साधे आहे. काउंटरवर विक्री झालेली रक्कम आणि जमा झालेले पैसे रात्री जुळवले जातात. आपल्या उदाहरणात बिल १,८४७ चे निघाले आणि १,८४७ च जमा झाले. त्यामुळे हिशेब चोख जुळला आणि चूक कोणाच्या लक्षात आली नाही. व्यवस्थापकाने गल्ल्यातून ६१ रुपये काढून हातावर ठेवले तर उलट त्याचा हिशेब चुकतो, म्हणून अनेकदा तो कूपन पुढे करतो. मूळ बिलाच्या संदर्भाने क्रेडिट नोट निघाली की रक्कम, कर आणि साठा तिन्ही नोंदी सरळ होतात. शिवाय चूक झाल्याची लेखी कबुली ग्राहकाकडे राहते, ती वेगळीच.

साबणाचा मुद्दा 'माझा शब्द आणि तुमचा शब्द' असा अडकू शकतो. तीन साबण दिलेच नव्हते, हे ग्राहक कसे सिद्ध करणार? इथे दुकानाचा स्वतःचा साठा बोलतो. कॉम्प्युटरने तीन साबण विकले असे धरून साठ्यातून तीन वजा केले, प्रत्यक्षात दोनच बाहेर गेले. म्हणजे रॅकवर आणि मागच्या खोलीत मिळून कॉम्प्युटरच्या आकड्यापेक्षा एक साबण जास्त निघाला पाहिजे. मोठ्या दुकानात चोरी आणि तूटफूट यांमुळे आकडे आधीच गडबडलेले असतात, म्हणून हा पुरावा नेहमीच निर्णायक ठरत नाही. तेव्हा कॅमेरा उपयोगी पडतो. पण जुने चित्रण काही काळाने पुसून त्यावर नवे साठत जाते. म्हणून पत्र दोन-तीन दिवसांत जाणे आणि त्यात वेळ नेमकी लिहिणे महत्त्वाचे. 'त्या संध्याकाळचे चित्रण पाहा' म्हटले तर कोणी पाहणार नाही. पंधरा मिनिटांचे म्हटले तर पाहण्याची शक्यता असते.

दर दुरुस्त करण्याची मागणी स्वतंत्र ओळीत लिहिण्याचेही कारण आहे. शाखेचा व्यवस्थापक पैसे परत करू शकतो, पण साखळी दुकानात दराची यादी बदलण्याची मुभा त्याला बहुधा नसते. तो फार तर रॅकवरची १४९ ची पट्टी काढून १६५ ची लावील. मग रॅक आणि बिल जुळतील, पण ऑफर जाहीर करून ती न देण्याचा मूळ प्रश्न गुलदस्त्यात राहील. पत्र मुख्य कार्यालयात गेले तर यादी पाहणाऱ्या माणसाला एका आदेशात कळू शकते, की ही डाळ या दराने किती बिलांत गेली. त्यातल्या ज्यांचे मोबाइल क्रमांक बिलाला जोडलेले आहेत त्यांना पैसे परत देणेही शक्य असते. तसे होईलच याची खात्री नाही, पण विचारल्याशिवाय तर ते नक्कीच होत नाही.

पत्र हाती द्यायचे असेल तर दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर तारीख, सही व शिक्का घेऊन पोच घ्यावी. 'ठेवून जा, साहेबांना देतो' म्हटले तर पोच मिळेपर्यंत थांबावे. नाहीच मिळाली, तर तेच पत्र बिलावर छापलेल्या ग्राहकसेवेच्या ईमेलवर पाठवावे किंवा स्पीड पोस्टाने धाडावे. पुढे कुठेही जायचे झाले तरी पहिला प्रश्न हाच येतो, की दुकानाला तुम्ही कधी कळवले.

जिथे पत्र अपुरे पडते

सुट्या मालाच्या बाबतीत घरून लिहिलेल्या पत्राचा फारसा उपयोग होत नाही. शेंगदाणे किंवा भाजी तोलून दुकान त्यावर जी चिकटपट्टी लावते, तिचा बारकोड बहुधा २ ने सुरू होतो आणि त्यातच वजन किंवा रक्कम भरलेली असते. काट्यावर चुकीच्या वस्तूचे बटण दाबले, साध्या शेंगदाण्यांना भाजलेल्यांचा दर लागला, तर निदान पट्टीवरचे नाव पाहून चूक पकडता येते. वजनच कमी असेल किंवा भांड्याचे वजन वजा करायचे राहिले असेल, तर घरच्या काट्यावरचा आकडा दुकान मान्य करणार नाही. हा वाद दुकानातून निघण्याआधी, दुसऱ्या काट्यावर पुन्हा तोलायला लावूनच मिटतो. काट्याबद्दलच संशय असेल तर तक्रार वैधमापन विभागाकडे करावी. त्यांचे निरीक्षक काटा तपासू शकतात.

न विचारता लावलेल्या कॅरीबॅगच्या पैशांची गोष्ट निराळी. खरेदी झाल्यावर, काउंटरवर आल्यानंतरच पिशवीचे पैसे लावायचे आणि आधी त्याची कल्पना द्यायची नाही, ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये म्हटले आहे. दुकानाच्या दारातच स्वच्छ दिसेल असा फलक असेल तर मात्र तक्रारीचा जोर कमी होतो. म्हणून पत्रात पिशवीचा मुद्दा घ्यायचा असेल तर फलक होता का, कुठे होता, हे आधी पाहून घ्यावे.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर गोलमोल असेल, तर पुढची पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनची. क्रमांक १९१५, तिथे मराठीतही बोलता येते. ही हेल्पलाइन निकाल देत नाही. ती तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते. बऱ्याच साखळी दुकानांच्या मुख्य कार्यालयात अशा तक्रारी पाहणारा वेगळा माणूस असतो, त्यामुळे शाखेत अडकलेले पत्र इथून हलते. चहाच्या पाकिटासारख्या, छापील किमतीपेक्षा जादा घेतल्याच्या तक्रारीसाठी जिल्ह्यातल्या वैधमापन कार्यालयाकडे, म्हणजे लोकांच्या बोलण्यातल्या वजनमापे खात्याकडे, थेट जाता येते. छापील किंमत खोडलेली किंवा तिच्यावर जास्त किमतीचे लेबल चिकटवलेले आढळले, तर दुकानाला पत्र लिहिण्याआधी तिथेच जावे. असे पाकीट दुकानाला आधी दाखवले तर बाकीची पाकिटे रॅकवरून नाहीशी होतात.

जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि तीही आपण राहतो त्या जिल्ह्यात. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीबाबतच्या तक्रारीला शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. पण ६१ रुपयांसाठी तारखांना हजर राहण्याचा वेळ आणि खर्च ज्याचा त्याने मोजावा. तक्रार लिहिताना मदत हवी असेल तर १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था मार्गदर्शन करतात. आयोगाचा उल्लेख पहिल्या पत्रात न करण्याचे कारणही हेच. जी पायरी आज चढायची नाही तिची धमकी दिली, की व्यवस्थापक पत्र बाजूला ठेवून विधी विभागाकडे ढकलतो आणि पाच मिनिटांचे काम पाच आठवडे लांबते. गरज पडलीच, तर दुसऱ्या पत्रात तो उल्लेख करता येतो.

उत्तर कसे पारखावे

दुकानाचे उत्तर आले की त्यात चार गोष्टी शोधाव्यात : परत केलेली रक्कम, क्रेडिट नोटचा क्रमांक, तिन्ही नोंदींबद्दल वेगवेगळे म्हणणे आणि दर दुरुस्त केल्याची तारीख. 'आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे' ही फक्त पोच झाली. शंभर रुपयांचे कूपन आले तर रक्कम मोठी दिसते, पण त्यात चूक मान्य केल्याचा शब्द नसतो आणि यादी तशीच राहिलेली असू शकते. कूपन नाकारावे असे नाही. ते ठेवून घेऊन उरलेल्या मुद्द्यांची आठवण करणारे दोन ओळींचे पत्र लिहावे आणि त्यात पहिल्या पत्राची तारीख संदर्भ म्हणून द्यावी. दुकानाने एखादा मुद्दा कारणासह नाकारला असेल, उदाहरणार्थ डाळीची ऑफर दहा तारखेला संपली होती आणि पट्टी चुकून राहिली असे म्हटले असेल, तर ते निदान उत्तर तरी आहे. त्यावर एवढेच लिहायचे, की पट्टी काढायची जबाबदारी दुकानाची होती आणि अकरा तारखेला ग्राहकाला जी दिसली ती तीच होती.

दुरुस्ती झाली का, हे कळायला उत्तराची वाट पाहावीच लागते असेही नाही. पुढच्या खेपेला त्याच चहाचे २६० छापलेले एक पाकीट काउंटरवर द्यावे आणि पैसे देण्याआधी पडद्यावरचा एमआरपीचा रकाना पाहावा. २६० आले तर यादी सुधारली, किंवा निदान कॅशियरला पाकीट उलटे करून पाहायला सांगितले गेले. पुन्हा २७५ आले तर तिथेच बिल थांबवून ओळ बदलून घ्यावी, आणि त्या दिवसाची तारीख व काउंटर क्रमांक दुसऱ्या पत्रात घालावा. पहिल्या पत्रानंतरही तीच चूक झाल्याची नोंद आता कागदावर आहे, त्यामुळे हेल्पलाइन आणि वजनमापे खाते या दोन्ही ठिकाणी ते दुसरे पत्र जास्त चालते.